दोन दुर्र्या, एक्का, कलर, तरी डाव गेला

प्रश्न: आम्ही ठाण्यात सोसायटीतले चौघे शनिवारी रात्री बिग टू खेळतो. परवा मला ही पानं आली: चौकट तिर्री, किलवर चव्वी, इस्पिक आणि बदाम पंजी, बदाम छक्की, चौकट सत्ती, बदाम आणि किलवर नव्वी, बदाम राणी, बदाम राजा, इस्पिक एक्का, किलवर आणि इस्पिक दुर्री. मी तिर्रीने सुरुवात केली आणि बदामाचा कलर राखून ठेवला. एक्का मारला तर त्यावर दुर्री पडली. मग राजाच्या जोडीवर मी दुर्र्यांची जोडी मारली, कलर उतरलो, त्यावर फुल हाउस आलं. शेवटी चव्वी, पंजी, सत्ती, नव्वी हातात राहिली. एवढी चांगली पानं असून हरलो, चुकलं कुठे?

उत्तर:

तुमचा डाव दुर्र्यांच्या जोडीवर किंवा फुल हाउसवर गेला नाही, तो पहिल्याच पानावर गेला. तुम्ही चौकट तिर्री एकटी टाकलीत तेव्हाच. त्या पानांत तिर्री, चव्वी, पंजी, छक्की, सत्ती असा सिक्वेन्स होता आणि सुरुवात त्यानेच व्हायला हवी होती. का, ते नीट सांगतो.

तुम्ही इस्पिक सगळ्यांत वर, मग बदाम, मग किलवर, चौकट तळाला, आणि चौकट तिर्रीवाल्याने तिर्रीसकट सुरुवात करायची, या हाँगकाँगच्या पद्धतीने खेळता असं धरून चालतो. तिर्री सगळ्यांत हलकी, दुर्री सगळ्यांत भारी. एकटं पान, जोडी किंवा पाच पानांचा गट, ज्या आकाराची उतारी झाली त्याच आकारात वरचढ टाकायचं, नाहीतर पास. तिघे पास झाले की शेवटी टाकणाऱ्याची उतारी.

आपण लहानपणापासून जे खेळ खेळलो, मेंढीकोट, पाच-तीन-दोन, लाडीस, त्या सगळ्यांत हात मोजतात. हात मारला की काहीतरी कमावलं. बिग टूमध्ये हात मोजतच नाहीत, हातातली पानं सगळ्यांत आधी संपवणारा जिंकतो. राजाच्या जोडीवर दुर्र्यांची जोडी मारली याचं स्वतःचं मोल शून्य आहे. त्यातून मिळते ती फक्त पुढची उतारी. म्हणून इथे प्रश्न असा विचारायचा: माझ्या हातात किती वस्तू अशा आहेत ज्या फक्त माझ्याच उतारीला जातील? आणि त्यांच्यासाठी मी किती वेळा उतारी आणू शकतो?

या खेळात मी मुरलो तो बोटीवर, इंजिनरूमची ड्युटी संपल्यावर फिलिपिनो खलाशांबरोबर. आता नेरुळला आमचा रविवारचा कट्टा आहे आणि तिथे आम्ही पानांची तीन प्रकारांत वाटणी करून बोलतो. काही पानं 'ओझं' असतात. चव्वी, पंजी यांसारखी. दुसऱ्याने तिर्री उतरली आणि पुढचा हात लगेच तुमचा असला तरच ती जातील. एरवी तुमच्यापर्यंत पाळी येईतो अठ्ठी-नव्वी पडलेली असते. काही पानं 'चालती' असतात: राणी, राजा, मधल्या जोड्या. ती दुसऱ्याच्या उतारीवर आपोआप निघून जातात, त्यांच्यासाठी काही खर्च करावा लागत नाही. आणि काही पानं 'आणणारी' असतात, म्हणजे उतारी घेऊन येणारी: दुर्री, बऱ्याचदा एक्का, भारी पाच पानी गट.

यात एक गोष्ट अशी आहे जी मला कळायला बराच काळ लागला. आणणारं पान दुसऱ्याच्या उतारीवर पडलं, तरच ते एक उतारी मिळवून देतं. तेच पान तुम्ही स्वतःच्या उतारीला टाकलंत तर ते जिंकूनही तुम्ही होतात तिथेच राहता. उतारी होतीच, ती फक्त टिकली. तुम्ही दुर्र्यांच्या जोडीने उतारी आणलीत आणि तिच्यावर कलर उतरलात. समजा तो कलर टिकला असता. तरी तुमच्या हातात चार ओझी आणि एक उतारी एवढंच राहिलं असतं. चव्वी टाकली असती आणि बाकी तीन घेऊन बसला असतात. फुल हाउस आलं नसतं तरी डाव जातच होता.

आता दोन्ही मांडण्या शेजारी ठेवून बघू.

तुमची मांडणी: तिर्री गेली. कलरमध्ये बदाम पंजी, छक्की, नव्वी, राणी, राजा. बाहेर उरली किलवर चव्वी, इस्पिक पंजी, चौकट सत्ती, किलवर नव्वी, एक्का आणि दोन दुर्र्या. ओझी चार. नव्वी एखाद्या वेळी दुसऱ्याच्या सत्ती-अठ्ठीवर जाते, पण तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. उतारी तुमच्याकडे नाही, म्हणजे चार ओझ्यांसाठी चार वेळा ती आणावी लागणार. आणणारी पानं किती? एक्का, दुर्री, दुर्री आणि कलर, म्हणजे बरोबर चार. त्यातल्या एक्क्यावर दुर्री पडू शकते. कलर आणणारा तेव्हाच, जेव्हा दुसरा कोणी पाच पानी गट उतरेल आणि तो तुमच्या कलरपेक्षा हलका असेल. चारही गोष्टी जमल्या तरच सुटका, एकही चुकायला जागा नाही. त्यात तुम्ही दोन दुर्र्यांची जोडी केलीत, म्हणजे दोन वेळा आणणारी पानं एकाच वेळी खर्च झाली. तिथे चाराची तीन झाली.

दुसरी मांडणी: तिर्री, चव्वी, इस्पिक पंजी, छक्की, सत्ती हा सिक्वेन्स पहिल्याच उतारीला. उरली आठ पानं: बदाम पंजी, नव्वीची जोडी, राणी, राजा, एक्का, दोन दुर्र्या. ओझं एकच, बदाम पंजी. नव्वीची जोडी अर्धवट ओझं. लहान जोडीवर जाते, नाहीतर उतारावी लागते. राणी आणि राजा चालती पानं. म्हणजे जास्तीत जास्त दोन वेळा उतारी हवी आणि आणणारी पानं तीन. एक वाया गेलं तरी चालेल.

फरक कशाने पडला? कलर दिसायला मोठा, पण त्याने राणी आणि राजा खाल्ले, जे एरवी स्वतःच्या पायाने गेले असते. सिक्वेन्स दिसायला फाटका, सगळ्यांत हलका असू शकतो तेवढा हलका, पण त्याने पाच ओझी एका फटक्यात उचलली. पाच पानी गट किती भारी आहे यापेक्षा तो कुठली पानं घेऊन जातो ते बघायचं. पाच राजे-राण्या गुंतवून केलेला गट बहुतेक वेळा तोट्याचा असतो.

इथे आपल्या लोकांची आणखी एक गल्लत होते, तीही सांगून टाकतो. तीनपत्तीत सिक्वेन्स कलरपेक्षा मोठा असतो, बिग टूमध्ये उलट. कारण साधं आहे. तीन पानांच्या 22,100 शक्यतांत साधे सिक्वेन्स 720 आणि कलर 1,096, म्हणजे सिक्वेन्स दुर्मीळ. पाच पानांच्या 25,98,960 शक्यतांत सिक्वेन्स 10,200 आणि कलर 5,108, म्हणजे कलर दुर्मीळ. म्हणून बिग टूत चढता क्रम असा: सिक्वेन्स, कलर, फुल हाउस, चौकडी आणि एक पान, आणि शेवटी एकाच रंगाचा प्युअर सिक्वेन्स. तीनपत्तीतून आलेला माणूस कलर हलका समजून सोडतो, आणि बिग टू नुकता शिकलेला कलर दिसला की तो जपत बसतो.

आता दुसऱ्या मांडणीने डाव पुढे कसा जातो ते एकदा पानापानाने बघू. अर्थात समोरच्यांची पानं मी मानतो आहे, पण अशा क्रमाने डाव नेहमी जातात.

तुम्ही सिक्वेन्स उतरलात. पुढच्या भिडूने अठ्ठी ते राणी असा सिक्वेन्स टाकला, बाकी पास. जाऊ द्या. आपल्याला तो सिक्वेन्स टिकवायचा नव्हताच, घालवायचा होता. (तो टिकला, तर मिळालेल्या उतारीला बदाम पंजी टाकायची, नव्वीची जोडी नाही. जोडी दुसऱ्याच्या उतारीवर जाऊ शकते, पंजी जाणार नाही.)

त्या भिडूने चौकट चव्वी उतरली. पुढच्याने अठ्ठी, त्याच्या पुढच्याने इस्पिक गुलाम. तुम्ही बदाम राणी. हे फुकट गेलेलं पान. त्यावर उतारीवाल्याने किलवर एक्का टाकला, दोघे पास, पाळी तुमच्यावर आली. तुमच्याकडे इस्पिक एक्का आहे, तो किलवर एक्क्याला चढतो. टाकायचा का? मी टाकीन. आपल्याला दोनदा उतारी हवी आणि आणणारी पानं तीन आहेत, म्हणजे एक पान आपण पणाला लावू शकतो. शिवाय बाहेर दोनच दुर्र्या आहेत, चौकट आणि बदाम. कोणी एक्क्यावर दुर्री टाकली तर बाहेर एकच उरते आणि आपली किलवर दुर्री आणखी भक्कम होते. नाही टाकली तर उतारी आपली, पंजी गेली. दोन्हीकडून फायदा.

समजा चौकट दुर्री पडली. त्या भिडूने छक्क्यांची जोडी उतरली. तुम्ही नव्वीची जोडी टाकलीत, तीही गेली. त्यावर राजाची जोडी आली. इथेच तुमचा हात दुर्र्यांकडे गेला होता. इथे पास म्हणायचं. हातात चारच पानं आहेत: पंजी, राजा, दोन दुर्र्या. राजाची जोडी मारून उतारी मिळवली तर पंजी आणि राजा उरतात. राजा आधी टाका की पंजी, टाकलेलं पान कोणीतरी खाणार, आणि दुसरं हातात घेऊन तुम्ही पुन्हा पाळीची वाट बघत बसणार. पंजी उरली तर ती बहुधा उरतेच. पास म्हटलं तर दुर्र्या शाबूत.

पुढे कोणीतरी सत्ती उतरली. तुम्ही राजा टाकलात. त्यावर एक्का पडो न पडो, राजा गेला हे महत्त्वाचं. राजा टिकलाच तर उतारीला दुर्र्यांची जोडी टाका, तिला कोणीच खाऊ शकत नाही, आणि मग पंजी टाकून सुटा. राजा टिकला नाही तर हातात तीन पानं: बदाम पंजी, किलवर दुर्री, इस्पिक दुर्री.

ही तीन पानं नीट बघा. आता कोणी एकटं पान उतरलं तर किलवर दुर्री टाकायची. तिला फक्त बदाम दुर्री खाऊ शकते. कोणी खाल्ली नाही, तर इस्पिक दुर्री उतरायची, तिला कोणीच खाऊ शकत नाही, आणि मग पंजी टाकून सुटायचं. किलवर दुर्री खाल्ली गेली तर पुढच्या एकट्या पानावर इस्पिक दुर्री आणि मग पंजी. आणि समोरचे हुशार निघाले, तुमची तीन पानं बघून जोड्या उतरायला लागले, तर दुर्र्यांची जोडी टाका. इस्पिक दुर्री असलेली जोडी सर्वांत मोठी. ती टिकणारच, मग पंजी. म्हणजे एकटी पानं उतरा, नाहीतर जोड्या उतरा, तुम्ही सुटता. अडकवायचं तर त्यांच्याकडे पाच पानी गटच हवेत, एकामागून एक, आणि ते डावाच्या या टप्प्यावर क्वचित असतात. दुर्र्यांची जोडी आधीच फोडायची किंवा आधीच बांधायची नसते. शेवटच्या तीन पानांत समोरचा काय उतरतो त्यावर ते ठरतं, म्हणून ती निवड शक्य तेवढी उशिरापर्यंत स्वतःकडे ठेवायची.

एक बारीक गोष्ट. उतारी तुमची आणि हातात इस्पिक दुर्री व पंजी अशी दोन पानं असतील, तर आधी दुर्री, मग पंजी. नवे लोक पंजी टाकतात, म्हणतात, 'कोणीतरी खाईल, त्यावर दुर्री मारून सुटतो.' पण पंजीवर मधल्या कोणी शेवटचं पान टाकलं तर तो सुटतो, तुमची दुर्री हातातच राहते. हे मी बोटीवर एकदा प्रत्यक्ष भोगलं आहे आणि तेव्हापासून हात थांबवून विचार करतो.

बोटीवरचीच दुसरी गोष्ट मात्र नियमांची आहे आणि ती तुमच्या चौघांनाही कामाला येईल. फिलिपिनो लोक याच खेळाला पुसॉय दोस म्हणतात. त्यांच्याकडे रंगांचा क्रम वेगळा: तळाला किलवर, मग इस्पिक, मग बदाम, आणि सगळ्यांत वर चौकट. सुरुवातही किलवर तिर्रीने. मी हाँगकाँगच्या पद्धतीवर वाढलेला. पहिल्याच रात्री इस्पिक दुर्री अजिंक्य समजून शेवटपर्यंत राखली आणि मेसमधल्या मुलाने तिच्यावर शांतपणे चौकट दुर्री ठेवली. त्याची काही चूक नव्हती, मीच विचारलं नव्हतं. त्या एका क्रमाच्या फरकाने वर केलेला सगळा हिशोब उलटतो. तुमच्या पानांत पुसॉय दोसप्रमाणे किलवर दुर्री सर्वांत हलकी दुर्री ठरली असती आणि दुर्र्यांच्या जोडीलाही चौकट-बदाम अशी जोडी चढली असती. म्हणून नव्या माणसाबरोबर बसताना पानं वाटण्याआधी तीन गोष्टी बोलून घ्या: रंगांचा क्रम, एकदा पास म्हटल्यावर त्याच फेरीत परत येता येतं का, आणि एक्का-दुर्री-तिर्री असा सिक्वेन्स चालतो का व चालला तर हलका की भारी. या तिन्हींत घराघरात फरक आहे. पासचा नियम विशेष विचारा. परत येता येत असेल तर पास म्हणून दबा धरता येतो; येत नसेल तर प्रत्येक पास पक्का.

लक्षात काय ठेवायचं, हेही विचारतात. सगळी 52 पानं लक्षात ठेवायची गरज नाही. चार दुर्र्या आणि चार एक्के, एवढी आठच. त्यातली तुमच्या हातातली वजा केली की मोजायला चार-पाचच उरतात. वरच्या डावात तीनच आकडे सांभाळायचे होते: चौकट दुर्री गेली का, बदाम दुर्री गेली का, एक्के किती गेले. बदाम दुर्री दिसली त्या क्षणी तुमची किलवर दुर्री अजिंक्य होते आणि मग पाळीची वाट न बघता आक्रमक खेळता येतं.

याशिवाय प्रत्येकाच्या हातात किती पानं उरलीत तिकडे डोळा ठेवा. बाकी तिघांकडे पाचापेक्षा कमी पानं राहिली की तुमचा फाटक्यात फाटका पाच पानी गटही अजिंक्य असतो. पण तो उतरायला तेव्हा तुमची उतारी हवी, आणि नेमकी तीच नसते. म्हणून हलका सिक्वेन्स शेवटासाठी राखून ठेवणं हा बहुधा चुकीचा हिशोब. तो लवकर घालवायचा. भारी गट, फुल हाउस किंवा चौकडी, तो मात्र राखावा, कारण तो दुसऱ्याच्या सिक्वेन्सवर पडून उतारी आणतो.

पुढच्या भिडूकडे एकच पान उरलं असेल तर एकटं पान उतरणं टाळा, जोडी उतरा. अठ्ठ्यांची जोडीही त्याला बांधून ठेवते, राजा ठेवत नाही. एकटंच टाकायची वेळ आली तर हातातलं सर्वांत मोठं टाकायचं असा बऱ्याच ठिकाणी नियमच आहे. तो मोडून तो भिडू सुटला तर तिघांचा दंड मोडणाऱ्यावर. तुमच्याकडे हा नियम नसेल तर लावून घ्या. शेवटच्या टप्प्यातली बरीच भांडणं मिटतात.

आता या सगळ्या मोजणीची मर्यादा. काही डाव मोजले की सरळ दिसतं, सुटका नाही. एकही दुर्री न येण्याची शक्यता साधारण 30 टक्के असते, म्हणजे दहा डावांत तीनदा तुम्ही दुर्रीशिवाय बसता. अशा वेळी ओझी पाच आणि आणणारं पान एक असा हिशोब निघाला तर जिंकायचा नाद सोडा आणि पानं कमी करायच्या मागे लागा. आमच्याकडे उरलेल्या प्रत्येक पानाला एक गुण, दहा ते बारा पानं उरली तर दुप्पट, तेराच्या तेरा राहिली तर तिप्पट. दहा पानं म्हणजे वीस गुण आणि नऊ पानं म्हणजे नऊच. एका पानाने अकरा गुणांचा फरक. समोरच्याकडे दोन पानं आणि तुमच्याकडे दहा असताना राण्यांची जोडी जपण्यात अर्थ नसतो. ती फोडा, गुलामावर एक राणी टाका, नऊवर या. वरच्या मोजणीने हा निर्णय डावाच्या मध्यालाच घेता येतो, शेवटी घाबरून नाही.

तुम्ही पहिल्या उतारीला सिक्वेन्स टाकला असता तर नक्की जिंकला असता, असं मी म्हणणार नाही. कोणाकडे लागोपाठ दोन भारी गट असते तर तुमच्या दुर्र्यांना संधीच मिळाली नसती. पण त्या मांडणीत एक चूक पोटात घेण्याची जागा होती, तुमच्या मांडणीत नव्हती. खात्री करायची असेल तर शनिवारी हीच तेरा पानं बाजूला काढा, उरलेली 39 पिसून तिघांना वाटा. पाच डाव सिक्वेन्सने सुरू करा, पाच डाव तिर्री एकटी टाकून कलर राखा. प्रत्येक डावाच्या शेवटी हातात काय उरलं ते कागदावर लिहा. किती जिंकलात त्यापेक्षा उरलेली पानं कोणती आहेत ते पाहा. माझा अंदाज, कलरच्या डावांत तीच तीच नावं परत येतील: चव्वी, पंजी, सत्ती.

आणि हेच उलटं कधी होतं तेही तपासा. तुमच्या पानांतली बदाम राणी आणि बदाम राजा काढून त्यांच्या जागी बदाम तिर्री आणि बदाम अठ्ठी ठेवा. आता बदामाच्या कलरमध्ये तिर्री, पंजी, छक्की, अठ्ठी, नव्वी अशी पाच हलकी पानं जातात. सुरुवात चौकट तिर्रीनेच करायची असल्याने तो पहिल्या फेरीला उतरता येत नाही, पण कोणाच्या सिक्वेन्सवर तो पडला तर पाच ओझी जातात आणि वर उतारीही मिळते. सिक्वेन्सने सुरुवात केलीत तर बाहेर बदाम तिर्री, बदाम पंजी, अठ्ठी आणि नव्वीची जोडी. कलर राखलात तर चव्वी, इस्पिक पंजी, सत्ती आणि एकटी नव्वी. दोन्हीकडे आणणारी पानं मोजून बघा. या पानांत निवड खरोखर जवळची आहे, आणि आमच्या कट्ट्यावर यावर अजून दोन मतं आहेत.